परतीचं कलम

बोरी बुद्रुकची अमृता भालेराव कंपनीत कुणाची लाडकी नव्हती. मंचरच्या बाहेर हायवेला लागून तो कारखाना. दूध आटवायची, टोमॅटोचा गर घट्ट करायची स्टीलची मोठाली यंत्रं तिथं बनत, आणि त्या यंत्रांचं डोकं म्हणजे कंट्रोल पॅनेल. ते अमृताचं खातं. अवसरीच्या कॉलेजातून बाहेर पडली तशी ती इथं लागली आणि नऊ वर्षांत खात्याची प्रमुख झाली. हाताखाली नऊ माणसं. ती मोजकं बोलायची, पण बोलली की समोरच्याची चूक नेमकी दाखवूनच थांबायची. त्यामुळं तिला मान होता, पण तिच्याजवळ बसून डबा खायला कुणी उत्सुक नसे.

कंपनीचे मालक भगवंतराव. त्यांचा भाचा सुदर्शन, निमगाव सावाचा, सगळं उत्पादन पाहायचा. तो वाईट इंजिनिअर नव्हता. फक्त आपल्याला कुणी अडवावं हे त्याला मुळीच सोसत नसे, आणि अमृताला अडवल्याशिवाय राहवत नसे. दोघांचं कधी पटलं नाही ते असं.

भगवंतरावांनी नेदरलँड्समधली एक छोटी कंपनी विकत घेतली. तिथली पॅनेलं इकडच्या यंत्रांना जोडायची तर इथलं कुणीतरी तिथं दोन वर्षं बसायला हवं होतं. सुदर्शननं आपली बॅग मनातल्या मनात भरूनही टाकली होती. पण तिकडच्या लोकांनी नाव घेऊन माणूस मागितला, अमृता भालेराव. २०२२चा ऑगस्ट होता तो.

"तुमचं पत्र तयार आहे," एचआरची तेजस्विनी म्हणाली. पत्र सहा पानांचं. अमृतानं ते तिथं वाचलंच नाही. पिशवीत घालून घरी नेलं आणि रविवारचा अख्खा दिवस पेन घेऊन बसली.

जानकाबाई, तिची आई, कांद्याच्या वाफ्यातनं येऊन दारात उभी राहिली. "एवढं काय त्यात? जायचं का न्हाई, येवढंच ना?"

"जायचं कसं आणि यायचं कसं ते आहे यात, आई."

"मंग यायचं आधी बघ," जानकाबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

अमृतानं तेच केलं. शेवटच्या पानावर परतीचं कलम होतं: मुदत संपल्यावर कर्मचाऱ्यास, योग्य जागा उपलब्ध असल्यास, सामावून घेतले जाईल. 'उपलब्ध असल्यास' या दोन शब्दांखाली तिनं रेघ मारली. मग उलट्या क्रमानं पुढं आली. मुदत चोवीस महिने, पण कंपनी 'आपल्या मर्जीनुसार' ती वाढवू शकेल, असं लिहिलं होतं. पगार इथला इथंच रुपयात चालू राहणार, पीएफ कापला जाणार, ते ठीक. पण तिकडचा महागाई भत्ता आणि घरभाडं पत्राच्या तारखेच्या दरानं रुपयात बांधून टाकलं होतं. युरो वर गेला तर भार तिच्यावर. आणि कराचं कलम एका ओळीचं, दोन्ही देशांतील कराची जबाबदारी कर्मचाऱ्याची.

सोमवारी ती तेजस्विनीच्या टेबलासमोर बसली. सुदर्शन आधीच तिथं होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मी नोव्हेंबरात निघणार," अमृता म्हणाली. "म्हणजे त्या आर्थिक वर्षातले एकशे ब्याऐंशीपेक्षा जास्त दिवस मी भारतात असणार. तिकडं मिळालेला पगारही मला इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागणार आणि तिकडंही कर कापला जाणार. तिकडचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, आपलं एप्रिलला. तिकडं भरलेला कर इथं वजा करून घ्यायला फॉर्म सदुसष्ट लागतो. हे सगळं मी एकटीनं करायचं?"

"एवढा अभ्यास केलाय तर कर की," सुदर्शन म्हणाला.

अमृतानं त्याच्याकडं पाहिलं नाही. "तेजस्विनी, मी मंचरलाच राहिले असते तर जेवढा कर कापला असता, तेवढा माझ्या पगारातून कापा. मग दोन्हीकडे प्रत्यक्षात जो काही कर बसेल तो कंपनीनं भरायचा. कर-सल्लागाराचा खर्च कंपनीचा. जायच्या वर्षी आणि यायच्या वर्षी. आणि कर्मचारी भविष्यनिधीकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र काढा, म्हणजे तिकडं सामाजिक विम्याची वर्गणी पुन्हा कापली जाणार नाही."

तेजस्विनीनं मान खाली घालून लिहून घेतलं. ती मूळची घोडेगावची. हे पत्र लिहिताना तिनं एका जुन्या नमुन्यावरून नावं बदलली होती. ते तिला कुणापुढं कबूल करायचं नव्हतं, म्हणून ती रागावलेली दिसत होती.

"तुमच्याकडं कागद वाचायची सवयच असते म्हणा," सुदर्शन खुर्चीत मागं रेलून म्हणाला.

'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं हे तिघांनाही समजलं होतं. अमृतानं वही मिटली.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडं आहे. तुमच्याकडं नसेल तर लावून घ्या."

कराचं कलम भगवंतरावांनी दोन दिवस अडवलं आणि मग मान्य केलं, कारण तिकडून रोज फोन येत होता. भत्ता युरोतच देऊ आणि वर्षातून एकदा पुन्हा पाहू, हेही झालं. मुदत वाढवायची तर दोघांच्या संमतीनं, असंही झालं. सुदर्शननं बदल्यात एक ओळ घुसवली: परत आल्यापासून बारा महिन्यांच्या आत कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिल्यास जाण्यायेण्याचा, सामान हलवण्याचा आणि कर-सल्ल्याचा सगळा खर्च वसूल केला जाईल. अमृतानं महिन्यागणिक रक्कम कमी व्हावी असं मागितलं. सुदर्शन नाही म्हणाला. मग तिनं एवढंच जोडून घेतलं की कंपनीनं काढलं तर ही वसुली लागू नाही.

परतीच्या कलमावर मात्र तो हटेना. "दोन वर्षांनी काय परिस्थिती असेल कुणास ठाऊक. खातं रिकामं ठेवू का तुझ्यासाठी?"

अडलेली गाडी मग परवान्याचं काम पाहणाऱ्या तिकडच्या वकिलानं हलवली. अमृताला जो परवाना मिळणार होता तो कंपनीअंतर्गत बदलीचा. त्याचा नियम असा की माणूस मूळ कंपनीचाच नोकर राहिला पाहिजे आणि काम संपल्यावर त्याला मूळ कंपनीत परत जाता येईल याचा पुरावा दिला पाहिजे. 'जागा उपलब्ध असल्यास' हे वाचून वकिलानं कागद परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीच्या टेबलावर दोन पत्रं होती. एकात लिहिलं होतं की अमृता भालेराव मुदत संपताच मंचर कारखान्यात ऑटोमेशन प्रमुख या पदावर किंवा त्याच श्रेणीच्या, तितक्याच जबाबदारीच्या पदावर परत रुजू होतील. दुसरं जुनंच.

"पहिलं व्हिसासाठी," सुदर्शन म्हणाला. "दुसरं आपल्यातलं. दोन्हींवर सही कर."

"एकावर करते."

"अगं, ते व्हिसापुरतंच आहे."

"व्हिसा देणाऱ्यांना खोटं सांगायचं आणि खाली माझी सही?" अमृता म्हणाली. "पकडलं तर तिकडून विमानात बसवून परत पाठवणार ते मला. तुला नाही."

"मग जाऊ नको. दुसरा पाठवू."

"पाठव."

दुसरा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सुदर्शन उठला, दार जोरात लावून गेला. संध्याकाळी भगवंतरावांनी फोनवर तेजस्विनीला सांगितलं, पहिलं पत्र ठेवा, दुसरं फाडा. तेजस्विनीनं ते अमृतासमोर फाडलं, पण तिला पाणी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमृता गेली. तिकडची दोन वर्षं इथं सांगण्यासारखी फार नाहीत. काम केलं, सायकलवरून ऑफिसला गेली, पावसात भिजली. रविवारी जानकाबाईशी व्हिडिओवर बोलायची. जानकाबाई कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवायची. कामाचं मात्र सोनं झालं. दोन्हीकडची पॅनेलं एक भाषा बोलू लागली. आणि दर सहा महिन्यांनी तिच्या मंचरच्या खात्यातलं एकेक माणूस तिला मेल करायचं बंद होत गेलं.

२०२४च्या नोव्हेंबरात ती परत रुजू झाली तेव्हा तिच्या जागी सुदर्शनची पाटी होती. ऑटोमेशन त्यानं स्वतःकडं घेतलं होतं.

"तुझी सोय केलीये," तो म्हणाला. सोय म्हणजे जुनी ड्रॉइंगं ठेवायची खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला कपाटं. श्रेणी तीच, पगार तोच. पद होतं विशेष सल्लागार. हाताखाली माणूस शून्य.

"काम काय?"

"सांगू."

सांगितलं नाहीच. पहिल्या महिन्यात अमृताला वाटलं, रागात आहेत, निवळतील. दुसऱ्या महिन्यात तिला तिच्याच खात्यातल्या सयाजीनं कॅन्टीनच्या रांगेत सांगितलं. सयाजी वायरमन होता, साधा, तिच्याच हाताखाली शिकलेला. "मॅडम, सर म्हणतात तुमी कंटाळून जाल. तुमच्याशी बोलू नका म्हणलेत. मी पण आता बोलतोय हे कुनाला सांगू नका." आणि तो खरंच पुढच्या वेळी नजर चुकवून गेला.

तिला सगळं उमगलं. राजीनामा दिला तर वसुली. काढलं तर कंपनीच्या हातात काही नाही. म्हणून तिला काढायचं नव्हतं, तिनंच जावं असं करायचं होतं. आपण जोडून घेतलेल्या ओळीनं आपल्याला वाचवलं होतं आणि त्याच ओळीमुळं आपण या खोलीत होतो.

दर सोमवारी ती तेजस्विनीला एक मेल करायची: पत्रातील परतीच्या कलमानुसार तितक्याच जबाबदारीचं काम मिळावं. दर सोमवारी एका शब्दाचं उत्तर यायचं: नोंदवले. अमृता मेल जपून ठेवायची. बाकी वेळ ती जुनी ड्रॉइंगं लावायची, कारण रिकामं बसून राहणं तिला जमत नव्हतं. घरी येताना पिंपळवंडीच्या पुढं स्कूटरवर कधी कधी तिच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. वाऱ्यामुळं, असं ती स्वतःला सांगायची.

जानकाबाईला काही लपलं नाही. "सोडून दे," ती एकदा म्हणाली. "कांदा हाये, मी हाये."

"सोडलं की त्यांना खर्च द्यायचा, आई. ते तेच बघतायत."

"मंग बस तितंच. बूड दुखंस्तवर बस."

मग अडलं ते कराचं. यायच्या वर्षाचं तिकडचं विवरणपत्र वेगळं असतं, देश सोडणाऱ्यांसाठीचं. कंपनीनं सल्लागाराला काम द्यायला हवं होतं, तसं कलमात होतं. तेजस्विनी म्हणाली, सुदर्शन सर सही करत नाहीत. मुदत जवळ आली तशी तिकडच्या कर खात्याची स्मरणाची चिठ्ठी अमृताच्या नावावर बोरीला आली, डच भाषेत. अमृतानं ती भाषांतर करून कलमाच्या क्रमांकासह सरळ भगवंतरावांना पाठवली. दोन दिवसांत सल्लागाराचा फोन आला. त्या दिवशी सुदर्शन तिच्या खोलीच्या दारात आला.

"मामांपर्यंत जायची गरज नव्हती."

"तू सही केली असतीस तर नव्हती."

"तुला वाटतं तुझं काही चालेल इथं?"

"नाही," अमृता म्हणाली. "माझं पत्र चालतंय तेवढं पुरे."

तो गेला. पण दोन महिन्यांनी त्याच्याच कामासाठी तेजस्विनीला त्या दारात यावं लागलं.

तिकडच्या कंपनीला आता पूर्णवेळ व्यवस्थापक हवा होता, निदान तीन वर्षांसाठी. सुदर्शन जाणार होता. परवाना तोच, बदलीचा. आणि वकिलानं या वेळी एक गोष्ट जास्तीची मागितली होती. नियम म्हणून नाही, आपल्या फायलीसाठी: मागच्या वेळी पाठवलेली कर्मचारी ठरल्याप्रमाणं आपल्या पदावर परतली का, तिच्या सहीचा कागद द्या.

तेजस्विनीनं तो कागद टेबलावर ठेवला. तयारच करून आणला होता. मी पत्राप्रमाणे समकक्ष जबाबदारीच्या पदावर कार्यरत आहे, आणि खाली अमृताचं नाव.

अमृतानं वाचला. "हे खरं आहे?"

तेजस्विनी कागद टेबलावर सरळ करू लागली.

"तू लिहिलंयस ना? मग सांग. माझ्या हाताखाली किती माणसं आहेत?"

"मॅडम, मला सांगितलं म्हणून मी लिहिलं," तेजस्विनीचा आवाज चढला. "तीन वर्षं झाली, तुम्ही दोघं भांडता आणि मधे मी. प्रत्येक पत्रात तुम्हाला चूक माझीच दिसते. मलाही घर आहे."

"मग चुकीचं लिहू नको," अमृता म्हणाली. तेवढंच. तिला तेजस्विनीची दया आली होती, पण दाखवावीशी वाटली नाही. "मी खोट्यावर सही करणार नाही. खरं करा, मग करते. आज ऑटोमेशन परत द्या. लेखी. नऊ माणसांच्या नावासकट."

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी बोलावलं. केबिनमध्ये सुदर्शन होता. भगवंतराव थकलेले दिसत होते. "अमृताबाई, ते पत्र व्हिसासाठी होतं, तुम्हालाही ठाऊक आहे."

"साहेब, पत्र एकच होतं. दुसरं तुम्ही फाडायला सांगितलंत."

"ती ब्लॅकमेल करतीये, मामा," सुदर्शन म्हणाला.

"मी काही मागत नाहीये," अमृता म्हणाली. "सही तुम्हाला हवी आहे. नको असेल तर मी माझ्या खोलीत जाते. मला अजून काही महिने बसायचंच आहे."

भगवंतरावांनी भाच्याकडं पाहिलं. तो जाणारच असेल तर खातं तसंही रिकामं होणार होतं, हे त्यांना बहुधा आदल्या दिवशीच कळलं असावं. कबूल करायला एक रात्र लागली इतकंच. ते तेजस्विनीला म्हणाले, "लेखी द्या."

ऑर्डर निघाली. अमृतानं नऊ नावं एकेक करून तपासली आणि मग वकिलाच्या कागदावर सही केली. आभार मानले नाहीत, कुणी मागितलेही नाहीत.

चार दिवसांनी तेजस्विनी पुन्हा आली. या वेळी दार लावून घेतलं. "हे बघा, मला तुमच्याशी बोलायचं नाही, पण हे बघा." ते सुदर्शनचं पत्र होतं. मुदत तीन वर्षं, भत्ता, कर, सगळं अमृताच्याच पत्रावरून उतरवलेलं, स्वल्पविरामासकट. आणि परतीचं कलम: मुदत संपल्यावर ऑटोमेशन प्रमुख या पदावर परत रुजू होतील.

अमृतानं ते दोनदा वाचलं. तिची खुर्ची. तीन वर्षांनी.

"एका खुर्चीचं दोन माणसांना वचन देता येत नाही," ती म्हणाली. "त्याचं आत्ताचं पद काय आहे? उत्पादन प्रमुख. तेच लिही."

"ते म्हणतात, हेच हवं."

"मग तिकडच्या वकिलाला मी विचारते, माझी सही खरी धरायची की याची."

तेजस्विनीनं पत्र उचललं. जाताना दारात थांबली. "तुम्हाला कुणी आवडत नाही का हो?"

अमृतानं हातातलं ड्रॉइंग घडी घालून ठेवलं. "आवडतं की," ती शेवटी म्हणाली. पण तोवर तेजस्विनी गेली होती.

सुदर्शन आठवडाभर सही करेना. आपल्या केबिनमध्ये पत्र समोर ठेवून बसायचा, वाचायचा, परत पाठवायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं सहा पानं नीट वाचली, असं सयाजी पुढं हसत सांगायचा. मग मुंबईला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळाली आणि त्यानं 'उत्पादन प्रमुख' लिहिलेल्या कागदावर सही केली. जायच्या दिवशी तो कारखान्यात सगळ्यांना भेटला. अमृताच्या खोलीकडं आला नाही. तीही उठली नाही.

त्याच आठवड्यात ती जुन्या खोलीतलं सामान घेऊन खाली आली. पॅनेल शॉपमध्ये, म्हणजे पॅनेलं जोडतात त्या शेडमध्ये, नऊ जण होते. सयाजी सोडला तर कुणी वर पाहिलं नाही, आणि त्यानंही फक्त मान हलवली. निम्मे जण सुदर्शनचे झाले होते, उरलेल्यांना कुणाच्याच बाजूला जायचं नव्हतं. एका डेअरीचं पॅनेल बाकावर उघडं पडलं होतं.

अमृतानं पिशवी खाली ठेवली, तारांचा क्रम पाहिला आणि म्हणाली, "हे कुणी जोडलंय? तिसरी चुकलीये."

"मी, मॅडम," एकजण रागानं म्हणाला.

"इकडं या. दाखवते."

तो आला. मन नव्हतं, पण आला.